साडीचा रंग फोटोवरून, कापड बिलावरून: व्हिजन मॉडेल आणि पार्टीची यादी यांची गाठ कशी घालायची

आमचं साड्यांचं दुकान सांगलीत आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सुमारे बाराशे साड्या ऑनलाइन चढवायच्या ठरल्या आणि ते काम माझ्याकडे आलं. एका साडीमागे चौदा रकाने: अंगाचा रंग, काठाचा रंग, पदर, नक्षी, प्रकार, कापड, लांबी आणि असंच पुढे. हाताने भरायला बसले असते तर दिवाळी उलटून संक्रांत आली असती. म्हणून फोटो बघून वर्णन करणारं व्हिजन मॉडेल हाताशी घेतलं.

पहिल्या खेपेला मी सरळ चुकीच्या टोकाने सुरुवात केली. मॉडेलने जे सांगितलं ते जसंच्या तसं यादीत घातलं आणि पार्टीची, म्हणजे पुरवठादाराची, एक्सेल फक्त रिकाम्या जागा भरायला वापरली. परिणाम असा की राणी रंगाच्या साड्या ‘लाल’ म्हणून चढल्या आणि मोर दिसला की साडी ‘रेशमी पैठणी’ झाली. परत आलेल्या पार्सलांवर ‘रंग वेगळा आला’ हे कारण वाचून वाचून सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा खटाटोप.

खाली साडीचं उदाहरण घेतलंय, कारण मला तेच कळतं. कुर्ती, चादरी, पडदे यांनाही बराचसा भाग लागू पडेल, पण साडीत अंग, काठ आणि पदर असे तीन वेगळे भाग असल्यामुळे घोळही तिप्पट असतो.

## सुरुवातीला काय काय जवळ हवं

- पार्टीने दिलेली मालाची यादी, तिच्या मूळ क्रमात. ‘जरा नीट लावून’ घेतलेली नको. का ते पायरी ६ मध्ये.
- त्याच मालाची बिलं. बिलावरचा एचएसएन क्रमांक, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक, आपल्याला लागणार आहे.
- प्रत्येक साडीला चिकटवलेला एकच माल क्रमांक, आणि फोटोच्या फाइलला तेच नाव.
- कॅमेऱ्यात प्रो मोड असलेला फोन, आणि फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारं राखाडी कार्ड.
- चित्र आणि मजकूर दोन्ही घेऊन जेसन स्वरूपात उत्तर देणारं कुठलंही व्हिजन मॉडेल.
- गूगल शीट्स किंवा एक्सेल. पायथन थोडंफार येत असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.
- दुकानातला एक जुना माणूस. आमच्याकडे काका आहेत, ते घडी न उघडता कापड सांगतात. अशा माणसाचा रोज अर्धा तास मागून घ्या.

## १. आधी रकाने वाटून घ्या

ही पायरी मी गाळली होती, म्हणून ती पहिली सांगते. फोटोत जे दिसूच शकत नाही ते मॉडेलला विचारायचं नाही. विचारलं तर ते उत्तर देतं, आणि ठामपणे देतं.

मी रकान्यांचे तीन गट केले. पहिला गट फोटोचा: अंग, काठ आणि पदर यांचे रंग, आणि नक्षी. दुसरा गट कागदाचा: कापड, जर खरी की नकली, लांबी, वजन, ब्लाउजपीस आहे की नाही. घडी घातलेली साडी सहावारी आहे की नऊवारी हे फोटो सांगत नाही; साडेपाच मीटर आणि सव्वाआठ मीटर यांची घडी फोटोत सारखीच बसते. तसंच रेशीम आणि चांगल्या प्रतीचं पॉलिस्टर फोटोत सारखंच चमकतं. तिसरा गट दोघांचा मिळून: प्रकार, म्हणजे पैठणी, इरकल, नारायणपेठ वगैरे. इथे फोटो काही खुणा देतो, पण निकाल कागदावरून लागतो.

दुसऱ्या गटातला एकही रकाना मॉडेलच्या प्रश्नात येऊ देऊ नका. रकाना असला की तो भरला जाणार.

## २. फोटो: एका साडीचे चार

मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स हा या कामातला घरभेदी. पूर्ण चौकट लाल साडीने भरली की फोनला वाटतं, उजेडच लाल आहे, आणि तो लाली कापायला जातो. पुढची साडी हिरवी असली की उलटं. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली काढलेल्या दोन फोटोंतले रंग एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

म्हणून प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून कुलूप लावा. आम्ही उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी दहा ते बारा या वेळात, ५५०० केल्विनवर ठेवून काढतो. खोलीतले सगळे दिवे बंद. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले तर साडीच्या एका बाजूचा रंग निराळा येतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात राखाडी कार्ड ठेवा, दोन फोटोंतला उजेड सारखा होता का ते त्यावरून कळतं. पांढरा कागद चालेल असं वाटतं, पण छपाईच्या कागदात उजळपणासाठी घातलेली रसायनं असतात आणि तो निळसर दिसतो.

चार फोटो असे: अंगाचा जवळून, काठाचा जवळून, पदर पूर्ण पसरून, आणि पदराची उलटी बाजू. चौथा फोटो ग्राहकाला दाखवायचा नाही, तो आपल्यासाठी. त्याचा उपयोग पायरी ७ मध्ये कळेल. अंगाचा फोटो मात्र दोन दिशांनी घ्या, एकदा काठाच्या बाजूने आणि एकदा पदराच्या बाजूने, म्हणजे फाइली पाच होतात. फाइलींची नावं `YP-0417_ang1.jpg`, `YP-0417_ang2.jpg`, `YP-0417_kath.jpg` अशी.

पार्टीने व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो वापरायचा मोह होतो. ते ग्राहकाला दाखवायला ठीक, रंग ठरवायला नाही. कॅटलॉगमध्ये पुष्कळदा एकाच साडीचा फोटो काढून संगणकावर सहा रंगांत रंगवलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: सहाही फोटोंत निऱ्यांची प्रत्येक घडी आणि मॉडेल मुलीच्या बोटांची ठेवण तंतोतंत सारखी असते. तिथे व्हिजन मॉडेल ‘शेवाळी’ म्हणेल ते खरंच असेल, पण ते शेवाळी रंगाच्या फोटोबद्दल खरं असेल. गाठोड्यातून निघालेली साडी वेगळी गोष्ट आहे.

## ३. रंगांची बंद यादी करा

मॉडेलला मोकळं सोडलं तर ते एकाच रंगाला आज गडद गुलाबी, उद्या किरमिजी आणि परवा मजेंटा म्हणतं. मग जुळवणी कशाशी करणार? आम्ही चोवीस रंगांची यादी केली: राणी, डाळिंबी, आमसुली, वांगी, जांभळा, मोरपंखी, पोपटी, शेवाळी, लिंबू, हळदी, अबोली, श्रीखंडी, अंजिरी आणि बाकीचे नेहमीचे. यापलीकडचा शब्द यादीत येऊ शकत नाही.

पण नुसती नावं देऊन भागत नाही. मोरपंखी म्हटलं की आमच्या काकांच्या डोळ्यासमोर निळ्याकडे झुकलेला रंग येतो आणि आमच्या एका पार्टीच्या डोळ्यासमोर हिरव्याकडे. मॉडेलच्या मनात काय येतं ते देव जाणे. तेव्हा दुकानातल्या कापडांचे चोवीस तुकडे एका पुठ्ठ्यावर चिकटवले, प्रत्येकाखाली नाव लिहिलं आणि त्याचा त्याच खिडकीशी, त्याच सेटिंगवर फोटो काढला. हा रंगफलक प्रत्येक वेळी प्रश्नासोबत पहिलं चित्र म्हणून जातो. आता मॉडेल रंगाचं नाव आठवत बसत नाही, कोणत्या तुकड्याशी जुळतं ते बघतं. आमच्या घोळांतले सर्वांत जास्त घोळ या एका पुठ्ठ्याने मिटवले.

## ४. प्रश्न कसा लिहावा

प्रश्न छोटा ठेवा आणि ‘दिसत नाही’ म्हणायची मोकळीक द्या. ती मोकळीक नसेल तर पदर फोटोत नसतानाही पदराचा रंग येतो.

```
पहिलं चित्र रंगफलक आहे. पुढची चित्रं एकाच साडीची आहेत.
फक्त डोळ्यांना दिसतं ते लिही. कापड किंवा किंमत ओळखू नकोस.
ang_rang, kath_rang, padar_rang: फलकावरचंच नाव
nakshi: प्लेन | बुट्टी | चौकडा | पट्टे | ऑल ओव्हर
padar_khuna: मोर | पोपट | वेल | लाल-पांढरे पट्टे | इतर
kath_khuna: शिखरांसारखी दातेरी | नारळी | इतर
जो भाग चित्रात नाही तिथे: "दिसत नाही"
उत्तर फक्त JSON.
```

यात साडीचा प्रकार विचारलेला नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘ही कोणती साडी?’ असं विचारलं की बऱ्याचदा बनारसी किंवा कांजीवरम असं उत्तर येई. जर आणि काठ दिसला की तीच दोन नावं. म्हणून नाव विचारायचं सोडलं आणि खुणा विचारायला लागले. पदर लाल-पांढरा आणि अंगावर दुसरा रंग असेल तर इरकलची शक्यता मी माझ्या बाजूला, शीटमध्ये काढते. अंगावर बारीक चौकडा आणि काठावर मंदिराच्या शिखरांसारखी दातेरी नक्षी असेल तर नारायणपेठ. हा नियम माझ्या हातात असल्यामुळे चुकला तर एका जागी दुरुस्त होतो.

इथे एक मोठा खड्डा आहे. पार्टीची माहिती मॉडेलला दाखवू नका. मला वाटलं होतं की ‘पार्टी वाइन म्हणते, बरोबर आहे का?’ असं विचारलं की तपासणी आपोआप होईल. झालं उलटंच. मॉडेल जवळजवळ प्रत्येक वेळी मान डोलावू लागलं. साक्षीदाराला उत्तर आधीच सांगून ठेवलं की त्याच्या साक्षीला किंमत उरत नाही. हाच प्रकार चोरपावलांनीही होतो: फोटोत साडीवरची चिठ्ठी आली आणि तिच्यावर ‘वाइन, प्युअर सिल्क’ छापलेलं असलं, तर मॉडेल ते वाचतं. चिठ्ठी फोटोआधी काढा किंवा तो भाग कापून टाका.

आणि मॉडेलला ‘तुझी खात्री किती टक्के’ असं विचारून मिळालेल्या आकड्यावर विसंबू नका. आमच्याकडे चुकीच्या उत्तरांनाही नव्वदच्या वरच आकडे येत होते. त्यापेक्षा अंगाचे दोन फोटो वेगवेगळे पाठवा. दोन्हींत एकच रंग आला तर ठीक, वेगळा आला तर ती साडी बाजूला. हा कौल जास्त भरवशाचा.

## ५. आधी साठ साड्यांवर चाचणी

बाराशे फोटो एकदम पाठवण्याआधी साठ साड्या निवडा, सगळ्या रंगांच्या आणि जाणूनबुजून काही अवघड: टिश्यू, धूपछाव, अंगभर जर. काकांकडून त्यांचे रकाने भरून घ्या, मॉडेलचं उत्तर त्यांना न दाखवता. मग रकान्यागणिक जुळणी मोजा, सगळ्यांची मिळून नको. एकूण सरासरी चांगली दिसते आणि काठाचा रकाना सारखा चुकतोय हे तिच्यात बुडून जातं.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. अंग आणि नक्षी चांगली जुळत होती, काठ मात्र वारंवार ‘सोनेरी’ येत होता. कारण उघड आहे: काठावर जर असते, जर उजेड परत फेकते, आणि फोटोत काठ सोनेरीच दिसतो. ग्राहकाला मात्र काठ ‘हिरवा’ हवा असतो, म्हणजे जरीखालच्या धाग्याचा रंग. प्रश्नात एक ओळ वाढवली, ‘जरीचा रंग सोडून काठाच्या धाग्याचा रंग’, आणि काठाचा फोटो थोडा तिरका घेऊ लागलो. तेवढ्याने फरक पडला.

## ६. जुळवणी: विसंगती कुठे कुठे साचते ते बघा

आता एका शीटमध्ये मॉडेलची उत्तरं, दुसऱ्यात पार्टीची यादी. पार्टीचे शब्द आपल्या चोवीस शब्दांत आणायला एक छोटी शब्दजोड लागते: वाइन म्हणजे आमसुली, बॉटल ग्रीन म्हणजे गडद हिरवा, रामा म्हणजे मोरपंखी, गाजरी म्हणजे केशरी. ही जोड पार्टीगणिक वेगळी ठेवा, कारण एकाचा रामा दुसऱ्याच्या फिरोजीत येतो. मग माल क्रमांकावरून ओढून घ्या:

```
=XLOOKUP(A2, party!A:A, party!C:C, "नाही")
```

जुळलेल्या ओळी सोडून द्या. न जुळलेल्या ओळी घेऊन लगेच एकेक साडी उघडत बसू नका. मी तीन दिवस तसं केलं आणि ते तीनही दिवस वाया गेले. न जुळलेल्या ओळी आधी नुसत्या बघा, त्या कशा पसरल्यात ते. चूक कोणाची हे तिथेच पुष्कळ कळतं.

त्या एकाच दिवशीच्या फोटोंत साचल्या असतील तर चूक उजेडाची. आमच्याकडे एका दुपारी वीज गेल्यावर कोणीतरी बॅटरीचा दिवा लावला होता. त्या दुपारचे सगळे श्रीखंडी रंग हळदी झाले. त्या साड्यांचे फोटो पुन्हा.

त्या ठरावीक दोन रंगांत साचल्या असतील, म्हणजे पार्टी दरवेळी रामा म्हणते आणि मॉडेल दरवेळी शेवाळी, तर चूक कोणाचीच नाही, शब्दजोड चुकली आहे. एक ओळ बदला, चाळीस विसंगती मिटतात.

त्या यादीत सलग ओळींवर असतील तर पार्टीच्या यादीवर संशय घ्या. हा प्रकार मला सर्वांत उशिरा उमगला. एका यादीत ३८ ओळी सलग चुकत होत्या, त्याच्या वर आणि खाली सगळं ठीक. वाटलं, मॉडेलच बिघडलं. मग दिसलं की रंगाचा रकाना एका जागी एक घर वर सरकला होता. कोणीतरी एक सेल पुसताना खालचे सगळे वर ओढले होते आणि अडतीस ओळींनंतर कोणीतरी रिकामी जागा घालून पुन्हा जुळवलं होतं. हे तपासायचं असेल तर ओळी पार्टीच्या मूळ क्रमात ठेवा (म्हणून म्हटलं की यादी लावून घेऊ नका) आणि संशयित पट्ट्यात दोन आकडे काढा. मॉडेलचा रंग C मध्ये, पार्टीचा D मध्ये असेल तर:

```
=SUMPRODUCT(--(C102:C139=D102:D139))
=SUMPRODUCT(--(C102:C139=D101:D138))
```

पहिला आकडा त्याच ओळीशी जुळणी, दुसरा एक ओळ वर सरकवून. दुसरा एकदम मोठा आला तर साडी उघडायचीही गरज नाही, पार्टीला फोन करा. एकाच रंगाच्या साड्या ओळीने आल्या असतील तर मात्र हे दोन्ही आकडे मोठे येतात आणि काही कळत नाही, तिथे नक्षीचा रकाना वापरा.

या तिन्हींत न बसणाऱ्या, इकडेतिकडे विखुरलेल्या विसंगती उरतात. त्याच खऱ्या. त्या साड्या काढा आणि काकांच्या टेबलावर न्या.

## ७. एक साडी शेवटपर्यंत

YP-0417 ही साडी मी मुद्दाम निवडते, कारण तिच्यात सगळंच अडकलं होतं. पार्टीच्या यादीत: रंग वाइन, काठ ग्रीन, नक्षी बुट्टी, कापड सिल्क, प्रकार पैठणी.

काठ आणि नक्षी जुळली. अंगाच्या पहिल्या फोटोवर मॉडेलचं उत्तर जांभळा आलं, दुसऱ्यावर राणी. पार्टीचा वाइन आमच्या जोडीत आमसुली. म्हणजे एका साडीला तीन रंग. मग मोजून बघितलं. पायथन येत असेल तर हे छोटंसं काम आहे. फोटोच्या मधल्या भागाचा मध्यक रंग काढायचा:

```python
from skimage import io, color
import numpy as np

img = io.imread("YP-0417_ang1.jpg")[:, :, :3]
lab = color.rgb2lab(img)
h, w, _ = lab.shape
m = lab[h//4:3*h//4, w//4:3*w//4].reshape(-1, 3)
print(np.median(m, axis=0))
```

यातून तीन आकडे मिळतात: उजळपणा, लाल-हिरव्याची बाजू आणि पिवळ्या-निळ्याची बाजू. सरासरीऐवजी मध्यक घेतल्यामुळे विरळ बुट्ट्यांची जर हिशोबात येत नाही. अंगभर जर असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. पहिल्या फोटोत तिसरा आकडा उणे २२ आला, म्हणजे चांगलाच निळ्याकडे. दुसऱ्या फोटोत तोच अधिक २. राखाडी कार्ड दोन्हींत सारखं होतं, म्हणजे उजेड बदलला नव्हता. कापडच बदलत होतं.

काकांनी साडी हातात घेऊन हलवली आणि म्हणाले, “धूपछाव आहे गं ही. ताणा लाल, बाणा निळा.” उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की ज्या बाजूने बघाल तसा रंग पालटतो. तेव्हा मॉडेल दोन्ही वेळा खरं बोललं होतं, आणि पार्टीही. चूक माझ्या रकान्याची होती, त्यात एकच रंग मावत होता. त्या दिवसापासून `dhupchav` असा हो-नाहीचा एक रकाना वाढवला, आणि दोन फोटोंचे रंग वेगळे आले व कार्ड सारखं असलं की तो आपोआप ‘तपासा’ दाखवतो. साडी चढवली ती ‘जांभळा-राणी धूपछाव’ म्हणून, दोन्ही फोटोंसकट.

मग कापड. यादीत सिल्क. बिल काढलं, त्यावर एचएसएन ५४०७. रेशमी विणलेलं कापड ५००७ खाली येतं. ५४०७ हे कृत्रिम धाग्यांच्या कापडाचं शीर्षक आहे, म्हणजे पॉलिस्टर आणि तत्सम. सुती असतं तर बहुधा ५२०८ दिसलं असतं. बिलावर एक आणि यादीत दुसरं, म्हणजे फोन करायलाच हवा. पार्टी म्हणाली, “वहिनी, सेमी आहे ती. सिल्क म्हणजे तसं बोलतात ना.” बोलतात खरं, पण ग्राहकाच्या पावतीवर ‘सिल्क’ लिहायची जबाबदारी आपली असते. सिल्क मार्कचं लेबल साडीला नाही, बिल ५४०७ चं, म्हणजे ‘सेमी सिल्क’ असंच लिहायचं. उलट बाजूही लक्षात ठेवा: बिलावर ५००७ असलं म्हणजे कापड रेशमी ठरलंच असं नाही, बिल करणाऱ्याचाही हात चुकतो. विसंगती दिसली तर क्रमांक कामाचा, जुळला तर तो फक्त एक आधार.

शेवटी प्रकार. पदरावर मोर, नारळी काठ, मॉडेलच्या खुणा पैठणीकडेच बोट दाखवणाऱ्या. इथे चौथा फोटो कामी आला. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीच्या त्या-त्या भागापुरताच विणून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. YP-0417 च्या पदरामागे धाग्यांचे सुटे पदर लोंबत होते आणि कापलेली टोकं दिसत होती. यंत्रमागाचं काम. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा असल्या साडीला नुसतं ‘पैठणी’ म्हणणं ग्राहकालाही फसवणं आणि येवल्या-पैठणच्या विणकरावरही अन्याय. ती ‘पैठणी डिझाइन’ म्हणून गेली. किंमतही त्याच हिशोबाची होती, आणि महिनाभरात विकली गेली.

## ८. कोणाचं कुठे चालेल, हे लिहून ठेवा

वादाच्या वेळी रोज नव्याने विचार करायला लागू नये म्हणून हे आम्ही भिंतीवर चिकटवलंय. रंग आणि नक्षी यात कार्डसह काढलेला आपला फोटो वरचढ, पार्टीची यादी नाही. कापड आणि जर यात फोटोला मतच नाही; बिल, लेबल आणि काका. बिल आणि यादी भांडत असतील तर पार्टीचा लेखी खुलासा येईपर्यंत रकाना रिकामा. लांबी आणि ब्लाउजपीस यादीवरून घ्या, पण लॉटमधल्या दोन साड्या मोजून बघा.

शीटमध्ये पार्टीचं मूळ उत्तर, मॉडेलचं मूळ उत्तर आणि अंतिम उत्तर असे तीन वेगळे रकाने ठेवा, आणि चौथ्यात कोणी ठरवलं ते. पहिले दोन कधीही दुरुस्त करायचे नाहीत. मी सुरुवातीला दुरुस्ती थेट मॉडेलच्या रकान्यातच करत असे, त्यामुळे पुढच्या खेपेला मॉडेल कुठे चुकतं हे मोजायला माझ्याकडे काहीच उरलं नाही.

मॉडेलची आवृत्ती बदलली किंवा तुम्ही प्रश्नातला एखादा शब्द बदलला, तर त्या साठ साड्यांची चाचणी पुन्हा चालवा. एकदा मी ‘फलकावरचंच नाव’ ऐवजी ‘फलकावरून नाव’ केलं आणि यादीत ‘गडद राणी’ उगवला.

## ९. नवीन पार्सल आलं की

आता क्रम बसलाय. गाठोडं उघडायच्या आधी यादीतलं कापड आणि बिलावरचा एचएसएन ताडून घेतो, कारण हा घोळ पैसे देण्याआधी कळलेला बरा. मग क्रमांक चिकटवणं, चार फोटो, रात्री मॉडेल चालवणं. सकाळी न जुळलेल्या ओळी पार्टीच्या क्रमात लावून आधी नुसत्या बघायच्या, उजेड, शब्दजोड आणि सरकलेला रकाना हे तिन्ही तपासायचे. उरलेल्या साड्या दुपारी काकांसमोर. परवाच्या ऐंशी साड्यांत त्यांच्यापर्यंत सहाच पोचल्या. त्यातल्या चार धूपछाव होत्या, एकीवर पार्टीने दुसऱ्याच लॉटची चिठ्ठी लावली होती, आणि सहाव्या साडीचा रंग काका आणि सासूबाई अजून ठरवतायत. तोवर ती कपाटातच आहे.